तुरीच्या बुडातले दोन कान

बारा डिसेंबर. सकाळी सव्वासहाला मी शेतात मेंढपाळांना दूध नि भाकरी द्यायला निघाले होते. आमच्या शेतात त्या आठवड्यात मेंढ्या बसवल्या होत्या. मेंढ्या बसवायच्या म्हणजे कळप रात्री आपल्या रानात जाळीच्या कुंपणात, वाघरीत, मुक्कामाला ठेवायचा. लेंडी-मुताचं खत जमिनीला मिळतं. मेंढपाळाला आपण धान्य द्यायचं नि चहा-दुधाचं बघायचं. रोज वाघर उचलून थोडी पुढं सरकवतात, म्हणजे सगळ्या रानाला खत लागतं.

त्या खेपेला एक म्हातारा मेंढपाळ, त्याची सून आणि सुनेचं आठ महिन्यांचं बाळ एवढेच होते. म्हाताऱ्याचा मुलगा चार-पाच दिवसांसाठी सिरसाळ्याकडं लग्नाला गेला होता. काम खरं तर आदल्या दिवशीच संपलं होतं. पण तुरीला लागून एक कोपरा राहिला होता. तिथली जमीन मुरमाड, दर वर्षी सोयाबीन तिथं पिवळं पडतं. मीच म्हातारबाबांना म्हटलं होतं, "अजून दोन रात्री बसवा, तेवढा कोपरा होऊन जाऊ द्या." ते म्हणाले होते, "पोरगं आल्यावर बसवू का अक्का?" मी म्हटलं, "पोराचं काय काम त्यात? वाघर तर तुम्हीच लावता."

हे आधीच सांगितलेलं बरं.

मी पोचले तेव्हा दिसायला नुकतं लागलं होतं. म्हातारबाबा पलीकडच्या बाजूला खुंट्या उपटत होते, सून चूल पेटवत होती. वाघरीपासून वीस-पंचवीस पावलांवर तूर सुरू होते. यंदा तूर डोक्याच्या वर गेली होती. तिच्या दोन ओळींमध्ये काहीतरी हललं. तपकिरी, बुटकं, लांब. मी जागच्या जागी थांबले आणि मोबाईल काढून व्हिडिओ सुरू केला. चाळीसेक सेकंद ते एका जागी होतं, मग सावकाश आत गेलं. ओरडावं असंही सुचलं नाही. गेल्यावर मी म्हटलं, "बाबा, तुरीत काय होतं हो?" ते म्हणाले, "डुक्कर असंल अक्का. कुत्र्यांनी आवाज दिला असता न्हाईतर." त्यांची दोन कुत्री वाघरीच्या कडेला पडली होती. मी दूध ठेवलं आणि परत आले.

आमचं गावात पेंडीचं दुकान आहे. सरकी पेंड, मका, मिठाच्या विटा. दुकानाच्याच मागं घर. नवरा गोणी उतरवत होता. त्याला व्हिडिओ दाखवला.

"कोल्हा हाय," तो म्हणाला.

"कोल्ह्याला एवढी लांब शेपटी असते का?"

"मग तरस असंल. तरस माणसाला काय करत न्हाई. पहाटं पहाटं तुला कोण दिसलं म्हणून एवढी घाबरली?"

मी घाबरले नव्हते, तोवर. मोबाईलवर दोन बोटांनी चित्र मोठं केलं की त्या जनावराचा नुसता चिखल होत होता. मी वन खात्याच्या वनरक्षकांना फोन लावला. त्यांचा नंबर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहिलेला आहे. ते दुसऱ्या टोकाच्या गावात होते. म्हणाले, "ताई, रोज दहा फोन येतात. नऊ वेळा कुत्रं निघतं. अंगावर ठिपके आहेत की पट्टे आहेत, चालतं कसं, तेवढं नीट बघून सांगा. उद्या सकाळी तुमच्याकडं येतोच."

उद्या सकाळी. मधे एक रात्र होती, आणि त्या रात्री वाघर तुरीच्या आणखी जवळ लागणार होती, कारण कोपरा तिकडंच होता.

बारा वाजता मी शेतात परत गेले आणि म्हातारबाबांपुढं मोबाईल धरला. हा माणूस जन्मभर रानात झोपला आहे. जनावर नुसतं चालीवरून ओळखेल, याची मला खात्री होती. त्यांनी मोबाईल हातात घेतला, हात लांब केला, अजून लांब केला, मान मागं नेली.

"मला जवळचं दिसत न्हाई अक्का. लांबचं सांग. त्या टेकडीवरल्या शेळ्या मोजून देतो."

"चष्मा?"

"एकदा आणलता. मेंढीनं तुडवला."

सुनेला दाखवला. तिनं बघितलं आणि म्हणाली, "मला तर तुरीच्या काड्याच दिसायल्यात." ती घाबरली होती का, कळलं नाही. तिचं लक्ष बाळाकडं होतं. बाळ लिंबाला बांधलेल्या झोळीत झोपलं होतं. तो लिंब तुरीच्या बांधावरच आहे.

तिथं मला टीव्हीची आठवण झाली. म्हाताऱ्याला लांबचं दिसतं ना? मग चित्र मोठं करून लांब ठेवायचं.

आमचा टीव्ही लेक आठवीत असताना घेतलेला. आता ती पुण्यात नोकरी करते, त्यावरून त्याचं वय कळेल. मोबाईलवरचं थेट टीव्हीवर टाकायचं बटण त्याला चालत नाही. पण त्याच्या पाठीला इंटरनेटच्या वायरीचं भोक आहे. दिवाळीत लेकीनं राऊटरपासून टीव्हीपर्यंत वायर जोडली आणि माझ्या मोबाईलमध्ये मीडिया सर्व्हरचं ॲप टाकून दिलं. ते सुरू केलं की मोबाईल आपली गॅलरी घरातल्या घरात मांडून बसतो. टीव्हीच्या रिमोटवर सोर्स दाबला की एचडीएमआयच्या खाली माझ्या मोबाईलचं नाव येतं. आत गेलं की फोटोंचा एक फोल्डर, व्हिडिओंचा एक. टीव्ही त्यातून स्वतः उचलून दाखवतो. दिवाळीत आम्ही फराळाचे नि किल्ल्याचे फोटो, मेसेजवर आलेले व्हिडिओ पाहिले होते, त्यानंतर कुणी हात लावला नव्हता.

म्हातारबाबांना मी म्हटलं, "चार वाजता घरी या." मेंढ्या कापलेल्या सोयाबीनच्या रानात चरत होत्या, सून त्यांच्यामागं होती. चारला ते आले. चपला बाहेर काढल्या, काठी हातातच ठेवली, आणि आतल्या खोलीच्या उंबऱ्याजवळ भिंतीला टेकून बसले. तिथून टीव्ही दहा-बारा फूट लांब.

राऊटरवर लाल दिवा होता. नवरा म्हणाला, "नेटच न्हाई आज. कसं येईल टीव्हीवर?"

"याला नेट लागत नाही. मोबाईलमधून राऊटरला, राऊटरमधून वायरीनं टीव्हीला. बाहेर जायचंच नाही त्याला."

"तू कवा इंजिनेर झालीस?"

"दिवाळीत."

मोबाईलचं नाव आलं. व्हिडिओंचा फोल्डर उघडला. पहिलाच सकाळचा होता. दाबला. काळ्या पडद्यावर पाटी आली: ही फाईल चालत नाही. पुन्हा दाबला, पुन्हा पाटी. नवऱ्याच्या फोनवरून लेकीला लावला. ती ऑफिसात होती, हळू आवाजात बोलत होती.

"आई, तुझा फोन नव्या पद्धतीनं व्हिडिओ साठवतो. जागा कमी लागते म्हणून. त्या टीव्हीला ती भाषा येत नाही."

"मग तो मी स्वतःलाच मेसेजवर पाठवते. मेसेजवरचे दिवाळीत चालले होते."

"चालेल, पण..."

मी थांबले नाही. पाठवायला मोबाईलचं नेट होतं. पाठवलेला व्हिडिओ मेसेजच्या फोल्डरमध्ये आला, टीव्हीवर चाललाही. पण पाठवताना त्याचं पार पाणी झालं होतं. पडद्यावर तूर म्हणजे हिरवी-करडी वाळू, आणि तिच्यात एक तपकिरी डाग.

"काय हाय हे?" म्हातारबाबांनी विचारलं.

"कोल्हा," नवरा म्हणाला.

"गप बसा हो," मी म्हटलं. पुन्हा लेकीला फोन.

"तेच सांगत होते. गॅलरीतल्या एडिटरमध्ये जा. मूळ व्हिडिओ घे. आकार आहे तोच ठेव, फक्त फॉरमॅट जुना निवड, आणि कॉपी सेव्ह कर. आई, काय झालंय? जनावर आहे का?"

"बघून सांगते."

सेव्ह व्हायला किती वेळ लागला हे सांगता येणार नाही. गोल फिरत होतं. तेवढ्यात मोबाईलची स्क्रीन बंद झाली आणि टीव्हीवरून मोबाईलचं नावच गेलं. पुन्हा स्क्रीन लावली, ॲप उघडलं, सर्व्हर बंद करून चालू केला, तेव्हा नाव आलं आणि यादीत नवी कॉपीही आली. माझा अंगठा घामानं चिकटत होता. डिसेंबरात. भिंतीवरच्या घड्याळात पावणेपाच होत आले होते. सहाच्या आत दिवस मावळतो, आणि त्याच्या आधी म्हातारबाबांना वाघर लावायला जायचं होतं.

मोबाईल मी हातात धरून बसले. दर मिनिटाला स्क्रीनवर बोट फिरवत होते, बंद पडू नये म्हणून. रिमोट नवऱ्याकडं दिला.

या वेळी तूर तुरीसारखी दिसली. काड्या, शेंगा, खाली वाळका पाला. आणि ओळींच्या मधे ते जनावर. अंग दिसत होतं, पण उजेड कमी, ठिपके आहेत की सावली, मला कळेना. मी म्हातारबाबांकडं पाहिलं. ते जनावराकडं बघतच नव्हते. पडद्याच्या डाव्या कडेला बघत होते.

"माझं कुत्रं बघ," ते म्हणाले.

कडेला त्यांचं मोठं कुत्रं होतं. सकाळी मला ते झोपलेलं वाटलं होतं. ते झोपलेलं नव्हतं. पोट जमिनीला चिकटवून, कान मागं पाडून, शेपूट पोटाखाली घालून ते पडलं होतं आणि तुरीकडं बघत होतं. तोंडातून आवाज नाही.

"डुकराला भुंकतं. कोल्ह्याला तर मागं पळतं. तरसालाबी भुंकतं," म्हातारबाबा म्हणाले. "ह्याला एकदाच असं बघितलं मी. पाटोद्याकडं गेलतो तवा. सकाळी आमी तिथून दोन बकरं घेऊन आलो, तिसरं दिसलं न्हाई." मग ते नवऱ्याकडं वळले. "मागचं काय हाय का ह्यात? कालचं, परवाचं? कुत्री कशी बसलीत तेवढं बघू."

नवऱ्यानं मागं येऊन फोटोंचा फोल्डर उघडला. एकदा ओके दाबलं आणि फोटो आपोआप पुढं सरकायला लागले. पाच-पाच सेकंदांनी एक. पेंडीच्या गोणीचं लेबल. शेंगेतली अळी, ती मी औषधाच्या दुकानात दाखवायला काढली होती. आमच्या मांजराचा फोटो. प्रत्येक फोटो यायला टीव्ही वेळ घेत होता, मधे काळं दिसायचं. मग बाळ.

तो फोटो तीन दिवसांपूर्वीचा, संध्याकाळचा होता. सुनेनं मागितला होता, तिच्या नवऱ्याला पाठवायला. झोळीतून बाळानं मुंडकं बाहेर काढलं आहे आणि दात नसलेलं तोंड उघडून हसतं आहे. मागं लिंबाचं खोड, त्याच्या मागं तूर. चांगला आला होता फोटो. मी तो माझ्या बहिणीलासुद्धा पाठवला होता.

फोटो गेला, पुढचा आला.

"मागं घे," म्हातारबाबा म्हणाले. आवाज बदलला होता. "मागं घे, मागं घे."

नवऱ्यानं मागं घेतला, थांबवायचं बटण शोधलं, दाबलं. म्हातारबाबा उठले आणि सरळ टीव्हीजवळ गेले. तिथं त्यांना काही दिसेना. तसेच पाठमोरे मागं आले, उंबऱ्यापर्यंत, उंबऱ्याच्याही बाहेर. तिथून काठी उचलून पडद्याकडं धरली.

"खोडाच्या डाव्या अंगाला. तुरीच्या बुडात."

मी पाहिलं. पाला होता. वाळका पाला, ढेकळं. मग त्या पाल्याला दोन गोल कान आले. एकदा कान दिसल्यावर बाकीचं दिसायला वेळ लागला नाही. कानांखाली कपाळ, कपाळावर काळे ठिपके, खाली जमिनीला टेकलेली हनुवटी. ते फोटो काढणाऱ्या माझ्याकडं बघत नव्हतं. त्याचं तोंड झोळीकडं होतं.

म्हणजे तीन दिवस. तीन दिवस मी तिथं दूध घेऊन जात होते. त्या फोटोच्या वेळी मी बाळाला हसवण्यासाठी चुटक्या वाजवत होते.

"बाळ कुठाय आता?" मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं.

मेंढ्या चारायला गेलं की सून बाळाला झोळीत ठेवून जाते. दोन रानं पलीकडून हाक ऐकू येते म्हणून.

तिचा साधा बटणाचा फोन लागला नाही. नवऱ्यानं गाडी काढली. तिघं बसलो, मी मधे, म्हातारबाबा मागं काठी आडवी धरून. शेत दीड किलोमीटर आहे. वाटेत नवरा एकदाच म्हणाला, "मी कोल्हा म्हणालो." मी त्याच्या खांद्यावरून लिंब शोधत होते. माझ्या डोक्यात एकच हिशेब चालला होता: ते दोन रात्री बसायला तयार नव्हते. मी म्हटलं म्हणून बसले.

बांधाशी गाडी आडवीच टाकली. लिंबाला झोळी लोंबत होती. सपाट. आत काही नव्हतं.

मी झोळीचं कापड दोन्ही हातांनी उघडून बघितलं. बाळ दिसत नसताना माणूस कापडाच्या घडीत कशाला बघेल? पण मी बघितलं. कापड कोमट होतं की उन्हानं तापलं होतं, कळेना. म्हातारबाबा सुनेच्या नावानं ओरडले. दुसऱ्यांदा ओरडले तेव्हा त्यांचा आवाज फाटला.

"इकडं हाय!" जमिनीवर पडलेल्या वाघरीच्या पलीकडून उत्तर आलं. "काय झालं, कावून ओरडायलात?"

ती मेंढ्या घेऊन येत होती, बाळ कडेवर. बाळाच्या हातात भाकरीचा तुकडा होता.

मी बांधावर बसले.

"झोळीतून काढलंस कधी?" मी विचारलं.

"दुपारीच. कुत्री झाडाकडं येईनात. हाका मारल्या, भाकर दाखविली, तरी लांबच उभी. मला कसंतरी वाटलं, म्हणून घेतलं." तिनं सासऱ्याकडं पाहिलं. "मामा, काय हाय तुरीत?"

"चल," ते म्हणाले. "आधी वाघर गोळा कर."

पुढचं सगळं घाईत झालं, आणि घाईत असताना मला बरं वाटतं. नवरा आणि मी वाघर गुंडाळत गेलो, म्हातारबाबांनी मेंढ्या रस्त्याला लावल्या, मग नवऱ्यानं सुनेला नि बाळाला गाडीवर पुढं घरी सोडलं. दिवस मावळायच्या आत सगळा कळप आमच्या दुकानामागच्या आवारात होता. तिथं तीन बाजूंनी भिंत आहे. चौथ्या बाजूला नवऱ्यानं ट्रॉली आडवी लावली. पेंडीच्या गोण्या आत घ्याव्या लागल्या, नाहीतर मेंढ्यांनी त्याच रात्री हिशेब संपवला असता.

मग मी तो फोटो वनरक्षकांना पाठवला. दोन मिनिटांत त्यांचा फोन आला. या वेळी ते ताई-बिई म्हणाले नाहीत. "बिबट्या आहे. एकट्यानं कुणी रानात जायचं नाही. वाकून काम करायचं नाही, लहान पोरं न्यायची नाहीत. बोलत, आवाज करत जायचं. दिसला तर मागं लागायचं नाही, दगड मारायचे नाहीत. मी सकाळी माणसं घेऊन येतो."

वाकून काम करायचं नाही. आमच्याकडं कापसाची वेचणी चालू होती. गावातल्या तीस-चाळीस बाया सकाळी सातला वाकायलाच जातात, आणि त्यांची वाट आमच्या तुरीच्या बांधावरून आहे. मी शेजारणीला रात्रीच सांगून पाहिलं. ती म्हणाली, "दर वर्षी कुणाला ना कुणाला वाघ दिसतो बाई. वेचणीच्या दिवसांतच दिसतो." मोबाईल दाखवला तर म्हणाली, "मला तर पालाच दिसायला."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला मी नवऱ्याला उठवलं. दोघांनी मिळून टीव्ही उचलला आणि दुकानाच्या ओट्यावर, रस्त्याकडं तोंड करून, पेंडीच्या दोन गोण्यांवर ठेवला. राऊटरची वायर ओट्यापर्यंत पुरत नव्हती, म्हणून राऊटरही बाहेर आणला. मोबाईल चार्जिंगला लावला. सर्व्हरच्या ॲपमध्ये बाकीचे सगळे फोल्डर बंद केले, एक नवा केला आणि त्यात तो एकच फोटो ठेवला, म्हणजे दुसरं काही पुढं सरकायला नको. स्क्रीन बंद होऊ नये म्हणून शेजारी स्टूल घेऊन बसले.

पहिल्या चार बाया पावणेसातला आल्या. पोटाशी कापसाच्या ओट्या बांधलेल्या, हातात डबे. एकीबरोबर तिची पाच-सहा वर्षांची मुलगी होती.

"अगं बया, अक्कानं टीव्ही रस्त्यावर आणला," पुढची म्हणाली. "लेकीचं लग्न ठरलं का काय?" आणि फोटोकडं बघून, "कुणाचं लेकरू हाय? लई गोड हसायलं."

"मेंढपाळाचं," मी म्हटलं. "अजून काय दिसतं?"

"झोळी. लिंब. तुमची तूर." ती पुढं वाकली. "अजून काय?"

मी स्टुलावरून उठले, पडद्याजवळ गेले आणि तुरीच्या बुडात बोट ठेवलं. मुलीला सगळ्यांच्या आधी दिसलं. तिनं आईच्या लुगड्याचा सोगा धरला आणि मागं सरकली. मग आईला दिसलं. तिनं डबा ओट्यावर ठेवला आणि पोरीला आमच्या घरात ढकललं.

"इथंच बस आज," ती पोरीला म्हणाली. मग माझ्याकडं वळून, "कुठल्या बांधावर?"

मी सांगितलं, आणि मागून येणाऱ्या बायांना हात करून बोलावलं.